पाण्याची तुटक रेघ

दक्षा धोडी ही तलासरी तालुक्यात उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी. घरची भाताची दोन खाचरं आणि उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी. वडील भिका आणि आई हिराबाई यांनी तिला शिकवलं ते काही मोठा बेत आखून नव्हे. शाळेत जेवण मिळत होतं, मुलगी पास होत होती, तर जाऊ दे पुढे, इतकंच. अशी पुढे जाता जाता ती आश्रमशाळा, मग डहाणूचं कॉलेज, मग रसायनशास्त्रात एमएस्सी, बीएड करून बसली. २०१४ साली तलासरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर तिला अकरावी-बारावीची केमिस्ट्री मिळाली. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घ्याल तितकाच पगार, आणि दर जूनला नव्यानं नेमणूक. पाड्यावर मात्र ती एकदम 'धोडी मॅडम' झाली.

दक्षा मेहनती होती. वर्गावर जाण्याआधी ती टिपणं काढायची, आणि टिपणं काढताना नेहमी एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही उघडायची. ही वही तिची स्वतःची, अकरावी-बारावीतली. तिला केमिस्ट्री शिकवली होती चिखल्याच्या नविन सरांनी. सर शब्दन् शब्द सांगून लिहून घ्यायचे. त्यांची टिपणं एका बॅचकडून दुसरीकडे जात, झेरॉक्स होत आणि डहाणूच्या क्लासवाल्यांकडेसुद्धा असत. त्या वहीवर दक्षा बोर्डात तालुक्यात दुसरी आली होती. तिचा त्या वहीवर जो विश्वास होता, तो छापील पुस्तकावरही नव्हता. पुस्तक इंग्रजी होतं आणि वहीत मात्र अवघड शब्दांच्या शेजारी सरांनी मराठीत फोड करून दिलेली होती. डोंगरातून आलेल्या पोरांना ती फोड म्हणजे मोठा आधार.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये अकरावीला रासायनिक बंधांचा पाठ चालू होता. वर्गात बेचाळीस मुलं, त्यातली निम्मी वसतिगृहात राहणारी. दक्षानं फळ्यावर नेहमीचा प्रश्न लिहिला: पाणी शंभर अंशाला उकळतं आणि हायड्रोजन सल्फाइड उणे साठला. दोघांच्या रेणूची ठेवण सारखीच, दोघांतही दोन हायड्रोजन, उलट सल्फरचा तर जड. मग पाण्यालाच एवढी उष्णता का लागते?

मग तिनं वहीतलं उत्तर सांगितलं. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यामध्ये हायड्रोजन बाँड असतो, तो फार मजबूत असतो, उकळताना तो तोडावा लागतो, म्हणून उष्णता जास्त लागते. सल्फर आणि हायड्रोजन यांच्यातला बाँड कमजोर, तो लवकर तुटतो. तिनं पाण्याचा रेणू काढला, मध्ये मोठा ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेघांवर खडू दोनदा फिरवून त्या जाड केल्या. दोन वर्षं ती हेच शिकवत होती. मुलांनी माना खाली घालून उतरवून घेतलं.

तिसऱ्या बाकावरच्या निलमनं उतरवून घेतलं नाही. निलम कधी फार बोलायची नाही. ती उभी राहिली आणि विचारलं, "मॅडम, उकळताना ही रेघ तुटते?"

दक्षा हो म्हणाली.

"मग हायड्रोजन सुटा होत असेल. तो तर पेटतो, मागच्या आठवड्यात नळीच्या तोंडाशी काडी धरली तर टप् असा आवाज आला होता. आमच्याकडे चुलीवर रोज पाणी उकळतं. तिथं का नाही पेटत?"

दोन-तीन मुलं हसली. दक्षाही हसणार होती, पण तिच्या लक्षात आलं की उत्तर आपल्याकडे नाही. निलम अजून उभीच होती.

"आणि तो सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस उणे साठलाच उकळतो. म्हणजे आपल्या लॅबमध्ये तो आधीच उकळून गेलेला असतो. त्याची रेघ तुटलेली असेल तर मग नुसता हायड्रोजन आणि नुसता सल्फर राहायला पाहिजे. मग वास कशाचा येतो?"

दक्षानं तिला बसायला सांगितलं. उद्या सांगते म्हणाली, आणि उरलेला तास गणितं घेतली. घंटा झाल्यावर निलम टेबलापाशी आली. तिला वाटलं असावं की आपण आगाऊपणा केला. ती हळूच म्हणाली, हे मी माझं नाही विचारलं. आमच्या पाड्यावरची कविता आहे ना, तिनं मागच्या वर्षी पेपरात असंच लिहिलं होतं आणि तिला तुम्ही झिरो दिला. मी सायन्स घेतलं तेव्हा ती म्हणाली होती, बाईंना एकदा विचारून बघ.

कविता दक्षाला आठवत होती. मागच्या बॅचमधली उंच, काटक पोर, शेवटच्या बाकावर बसायची. एप्रिलच्या परीक्षेत ती फक्त केमिस्ट्रीत नापास झाली होती आणि जूनमध्ये आलीच नाही. तलासरीत अशी मुलं दर वर्षी गळतात. दक्षानं त्याचा फार विचार केला नव्हता.

दुपारच्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत गेली. तिथले परिचर बारक्यामामा डबा खात होते. तिनं त्यांच्याकडून एक चंबू, वाकडी काचनळी आणि स्टँड काढून घेतलं. मामांनी हात धुतले आणि कुठला प्रयोग आहे ते न विचारता बर्नर पेटवून दिला. चंबूतलं पाणी खळखळू लागलं, नळीतून वाफ बाहेर आली. दक्षानं पेटती काडी नळीच्या तोंडाशी धरली. ना टप् आवाज, ना ज्योत. काडी विझून ओली झाली. मग तिनं नळीचं तोंड गार पाण्यात ठेवलेल्या एका परीक्षानळीत सोडलं. तळाशी थेंब जमू लागले. मोरचुदाचे खडे तापवून केलेली, पाणी लागताच निळी होणारी पांढरी पूड मामांच्या बरणीत होती, त्यातली चिमूटभर तिनं त्या थेंबांत टाकली. पूड निळी झाली. पाणी म्हणून जे वर गेलं होतं ते पाणी म्हणूनच खाली आलं होतं. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यामधली एकही रेघ तुटली नव्हती.

हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? एमएस्सी झालेली बाई. वाफ म्हणजे पाणीच हे तर चौथीच्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते ज्ञान एका खणात आणि वहीतलं वाक्य दुसऱ्या खणात, आणि आजपर्यंत दोन खण कधी एकत्र उघडलेच नव्हते.

तिनं कपाटातून अकरावीचं छापील पुस्तक काढलं. हायड्रोजन बाँडचं पान तिनं याआधीही वाचलं होतं, पण आधी वही वाचून मग. या वेळी तिनं आकृती नीट पाहिली. आकृतीत पाण्याचे पाच रेणू होते. प्रत्येक रेणूच्या आत अखंड रेघा होत्या. आणि एका रेणूतला हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतला ऑक्सिजन यांच्यामध्ये तुटक रेघ होती. हायड्रोजन बाँड म्हणजे ती तुटक रेघ. वहीत पाण्याचा एकच रेणू काढलेला होता. एकाच रेणूत तुटक रेघ काढायला जागाच नसते, म्हणून वहीनं ते नाव अखंड रेघेला देऊन टाकलं होतं.

मग तिनं सगळं पहिल्यापासून मांडलं, एका पाठकोऱ्या कागदावर, जणू आपल्यालाच शिकवायचं आहे. ऑक्सिजन लहान आणि इलेक्ट्रॉनांसाठी हावरा. हायड्रोजनशी वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून ठेवतो. हायड्रोजन बिचारा उघडा पडतो, त्याच्यावर थोडा धनभार येतो. शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे कुणाशी न वाटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या असतात. त्यातल्या एकीकडे हा हायड्रोजन ओढला जातो. असा एक रेणू दोन हातांनी दोघांना धरतो आणि त्याला आणखी दोघं धरतात. ही एकेक पकड आतल्या बंधाच्या विसाव्या हिश्शाएवढीच, पण प्रत्येक रेणूला चारी बाजूंनी. उकळताना मोडायची ती ही पकड. सल्फरचं तसं नाही. सल्फर थोराड, त्याचे इलेक्ट्रॉन पसरलेले, आणि त्याची ओढ हायड्रोजनपेक्षा किंचितच जास्त. त्यामुळे त्याचा हायड्रोजन उघडा पडत नाही आणि शेजारीही त्याला धरत नाही. जी काय साधी ओढ सगळ्याच रेणूंमध्ये असते तेवढीच उरते, आणि ती उणे साठलाच सुटते.

पुस्तकात खाली एक तक्ता होता. ऑक्सिजनच्याच घराण्यातले सल्फर, सेलेनियम, टेल्युरियम. टेल्युरियमचं संयुग उणे दोनला उकळतं, सेलेनियमचं उणे एकेचाळीसला, सल्फरचं उणे साठला. रेणू हलका होत जातो तसा उत्कलनबिंदू खाली येत जातो. त्याच हिशेबानं पाणी उणे ऐंशीच्या आसपास उकळायला हवं होतं. म्हणजे एकशेऐंशी अंशांचा फरक त्या तुटक रेघांनी पाडलेला. तसं नसतं तर डहाणूच्या किनाऱ्याला समुद्र नसता आणि खाचरात पाणीही नसतं, असती ती सगळी वाफ. दक्षानं तो तक्ताही कागदावर उतरवून घेतला. बारक्यामामांनी चंबू धुऊन जागेवर ठेवला.

गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका स्टाफरूमच्या लोखंडी कपाटात होत्या. वर्ष होईपर्यंत त्या ठेवाव्याच लागत. कविताची सापडायला वेळ लागला नाही. प्रश्न तीन गुणांचा. पहिल्या दोन ओळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत होत्या आणि मग इंग्रजी संपलं तसं पोरीनं सरळ मराठीत लिहिलं होतं: 'भात शिजताना झाकणाला आतून पाणीच लागते. म्हणून पाण्याचा रेणू तुटत नाही. रेणू एकमेकांना धरून असतात ते सुटतात. सल्फरचे रेणू असे धरत नाहीत कारण सल्फरला ओढ कमी.' खाली तिनं पाण्याचे तीन रेणू काढले होते, वाकडेतिकडे, पण मधल्या रेघा तुटक होत्या. त्या सगळ्यावर लाल पेननं एक आडवी रेघ आणि शून्य. अक्षर दक्षाचंच. तिला आठवलं, आकृती बघून तिला वाटलं होतं की पोरीला रेघसुद्धा नीट ओढता येत नाही.

तिनं बेरीज पाहिली. उत्तीर्ण व्हायला कविताला दोन गुण कमी पडले होते.

रविवारी दक्षा एसटीनं डहाणूला आणि तिथून रिक्षानं चिखल्याला गेली. नविन सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. घराच्या ओट्यावर ते जाळं घेऊन बसले होते, हौस म्हणून विणायचे. दक्षाला बघून त्यांना आनंद झाला. चहा झाला, कोण कुठं आहे याची चौकशी झाली. मग दक्षानं निळी वही काढून ते पान समोर धरलं आणि शेजारी छापील पुस्तकाचं पान ठेवलं. आपण काय केलं, काडी कशी विझली, पूड कशी निळी झाली, हे सांगितलं. तुमचं चुकलं असं काही ती म्हणाली नाही. तसं म्हणायला तिची जीभ रेटलीच नसती.

सरांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग एकदा वहीतलं पुन्हा वाचलं.

"सव्वीस वर्षं सांगितलं हे मी," ते म्हणाले. "बोर्डानं कधी मार्क कापला नाही. तपासणारा हायड्रोजन बाँड एवढे दोन शब्द बघतो आणि बरोबरची खूण करतो."

दक्षानं पुस्तकातल्या आकृतीवर बोट ठेवलं.

"मला ज्यांनी शिकवलं त्यांनी असंच सांगितलं होतं. मी पण आकृती कधी बघितली नाही गं. आकृती फळ्यावर काढायला वेळ जातो म्हणून मी एकच रेणू काढायचो."

ते उठून आत गेले, लाल पेन घेऊन आले, आणि वहीतल्या त्या परिच्छेदावर तिरकी काट मारली. शेजारच्या कोऱ्या जागेत त्यांनी पाण्याचे चार रेणू काढले आणि त्यांच्यामध्ये तुटक रेघा. वही परत देताना ते म्हणाले की तू प्राचार्यांना सांग, सांगायलाच हवं, पण माझं नाव तेवढं नको घेऊस. त्यांना या वयात लोकांनी येऊन विचारायला नको होतं. दक्षानं मान हलवली. हे बरोबर की चूक ते तिला तेव्हा ठरवता आलं नाही, आणि पुढेही आलं नाही. पण तिनं शब्द पाळला.

प्राचार्य राऊत माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांना कागद हलवायला नको असायचा. दक्षानं लेखी अर्ज दिला: आपण हा प्रश्न चुकीच्या समजुतीनं तपासला, अमुक विद्यार्थिनीचं उत्तर पुन्हा तपासावं. त्यांनी तो वाचून टेबलावर उलटा ठेवला. निकाल एप्रिलमध्ये लागलेला, रजिस्टरवर सह्या झालेल्या. ते म्हणाले, पुढच्या जूनला तुमची नेमणूक समितीपुढे जाईल, आणि हा अर्ज फाइलला राहील. तासिकेवरच्या शिक्षकाला एवढं स्पष्ट सांगितलं की बहुतेक वेळा पुरतं. घरी भावाचं शिक्षण दक्षावर होतं.

ती म्हणाली, "सर, मी चुकीचं शिकवलं हे फाइलला राहिलं तरी चालेल. पण तिचं बरोबर उत्तर चूक म्हणून राहायला नको."

राऊतांनी अर्ज पुन्हा सुलटा केला. मग त्यांनी स्वतःला झेपेल असा मार्ग काढला. ते म्हणाले, उत्तर तुम्ही पुन्हा तपासलंत तर उद्या कुणीही म्हणेल की मॅडमनी आपल्या समाजाच्या पोरीला वर काढलं. डहाणूच्या एका महाविद्यालयातल्या केमिस्ट्रीच्या शिक्षकांना पाठवू, नाव झाकून. ते देतील ते अंतिम. आणि बारावीचे बोर्डाचे फॉर्म ऑक्टोबरात भरले जातील, त्याच्या आधी काय ते होऊ दे.

दहा दिवसांनी पाकीट परत आलं. त्या शिक्षकांनी तीनपैकी अडीच गुण दिले होते आणि पेन्सिलनं शेरा लिहिला होता: ऑक्सिजनचा लहान आकार आणि न वाटलेल्या जोड्या यांचा उल्लेख हवा होता, म्हणून अर्धा कमी. मूळ कल्पना स्पष्ट. अर्ध्या गुणानं कविता अकरावी पास झाली.

पाड्यावर कविता नव्हती. ती मावशी रखमीबरोबर घोलवडला एका चिकूच्या वाडीत कामाला राहिली होती. दक्षा निलमकडून पत्ता घेऊन कविताच्या आईला, भिकीला, सोबत घेऊनच तिथं गेली. भिकी वाटेत फारशी बोलली नाही. मास्तरीण स्वतः आली म्हणजे पोरीनं काही तरी करून ठेवलं असणार, असं तिला वाटत होतं. दक्षानं दोनदा सांगितलं की कविताची चूक नाही, माझी आहे. भिकीनं दोन्ही वेळा बरं बाय म्हटलं, पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही.

वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ बायका चिकूची लहानमोठी फळं वेगळी करून क्रेटमध्ये भरत होत्या. कविता त्यांच्यात होती. तिनं हात फडक्याला पुसले आणि उभी राहिली. दक्षानं तिला उत्तरपत्रिकेची झेरॉक्स दाखवली, आधी आपलं शून्य आणि मग डहाणूच्या सरांचे अडीच गुण. काय झालं होतं ते सगळं सांगितलं, आणि माफी मागितली. आयुष्यात विद्यार्थ्याची माफी मागायची ही तिची पहिलीच वेळ. तिला वाटलं होतं पोर रडेल किंवा चिडेल. कवितानं कागद शांतपणे वाचला.

"मला वाटलं मराठीत लिहिलं म्हणून झिरो दिला," ती म्हणाली. "उत्तर बरोबर आहे ते मला ठाऊक होतं."

"मग विचारायला का नाही आलीस?"

कवितानं खांदे उडवले. "तुमच्या वहीत दुसरं होतं ना. सगळ्यांनी तेच लिहिलं, सगळ्यांना मार्क मिळाले. एकटीनं काय विचारायचं?"

दक्षानं विचारलं की तुला हे सुचलं कसं. कविता म्हणाली, सुचलं नाही, पुस्तकात होतं. तिच्याकडे टिपणांची झेरॉक्स नव्हती. मुली झेरॉक्स काढत होत्या त्या दिवशी ती घरी भाताच्या लावणीला गेली होती, म्हणून तिनं शब्दकोश घेऊन ते एक पान चार दिवस वाचलं होतं. ती तुटक रेघ कशाची ते कळेना म्हणून ती आकृतीच फार वेळ बघत बसली होती.

भिकीला त्यातलं काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "पोर पास झाली का नाय?" पास झाली म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मावशीला सांगा, उद्यापास्ना ती येत नाय." रखमीमावशी तिथंच होती. ती म्हणाली, हा आठवडा भरू दे, माणूस मिळेस्तोवर. दोघी बहिणींची त्यावर थोडी बाचाबाची झाली. शेवटी कवितानंच आठवडा पुरा करते म्हणून सांगितलं.

अकरावीच्या वर्गात दक्षानं ते उत्तर चिखल्याहून आल्यावर लगेचच खोडलं होतं. सोपं गेलं नाही. तिनं मुलांना सांगितलं की परवा मी जे लिहून दिलं ते चूक आहे, आणि मी ते दोन वर्षं शिकवलं. मागच्या बाकावर कुजबुज झाली. मग तिनं चंबू टेबलावर आणला आणि निलमच्याच हातात काडी दिली. काडी विझली तेव्हा निलमनं नुसती मान हलवली. ती चुलीपाशी बसणारी, तिला हे आधीच माहीत होतं. त्यानंतर मामांनी किप्सच्या उपकरणात फेरस सल्फाइडचे तुकडे टाकून वर आम्ल सोडलं, खिडक्या उघडून, जपूनच, कारण तो वायू विषारी. अगदी थोडा निघाला तरी मुलांनी नाकाला रुमाल लावले. दक्षा म्हणाली की हा बघा, न तुटलेला हायड्रोजन सल्फाइड, आपल्या लॅबच्या तीस अंशात वायू होऊन बसलेला. याला पाण्यासारखा पेल्यात ओतायचा असेल तर उणे साठच्याही खाली न्यावं लागेल, कारण याच्या रेणूंना एकमेकांचा हात धरता येत नाही. मग तिनं फळाभर पाण्याचे रेणू काढले आणि मुलांना एकेक करून बोलावून मधल्या रेघा काढायला लावल्या. त्या तासात दुसरं काही झालं नाही आणि पाठ एक दिवस मागे पडला.

आधीच्या दोन बॅचच्या मुलांना तिनं शक्य तितकं कळवलं. बारावीच्या वर्गाला समोरासमोर सांगितलं आणि बाहेर गेलेल्यांना फोनवर. बहुतेकांना तो प्रश्न आठवतच नव्हता. एक जण वापीच्या कारखान्यात लागला होता, तो म्हणाला, मॅडम, आता काय फरक पडतो.

कविता सप्टेंबरात बारावीत बसली. अडीच महिने बुडले होते, ते पुरे भरून आले नाहीत. फिजिक्समध्ये ती कशीबशी सुटली, केमिस्ट्रीत चांगले गुण पडले, एकूण त्रेपन्न टक्के. त्यावर नर्सिंगला नंबर लागला नाही. एक वर्ष घरी गेलं, त्या वर्षात ती पुन्हा वाडीत कामाला जात होती. मग २०१८ ला रक्त-लघवी तपासणीच्या डिप्लोमाला तिला प्रवेश मिळाला. डहाणूला एका खोलीत चौघी मुली राहायच्या.

दक्षाची नेमणूक २०१७ च्या जूनमध्ये समितीपुढे गेली तेव्हा अर्जाचा विषय निघालाच. एका सदस्यानं विचारलं की ज्यांना स्वतःलाच येत नव्हतं त्यांना पुन्हा का घ्यावं. राऊतांनी सांगितलं की दुसरा अर्जच आलेला नाही, तलासरीत केमिस्ट्रीला माणूस मिळत नाही. हे कारण दक्षाला लागलं. त्यांनी दुसरं काही तरी म्हणायला हवं होतं असं तिला वाटलं. पण नेमणूक झाली. २०१९ पर्यंत ती तासिकेवरच होती.

एक मात्र बदललं. ती आता वर्गात टिपणं लिहून देत नसे. पुस्तकाचं पान मुलांना वाचायला लावायची, अडलेल्या शब्दाला मराठी सांगायची, आणि आकृती आधी बघायला लावायची. त्यानं अभ्यासक्रम रखडायचा, निकाल पहिल्या वर्षी दोन टक्क्यांनी खालीही आला, आणि पालकसभेत एकानं तक्रार केली की डहाणूच्या क्लासमध्ये आयतं लिहून देतात, इथं का नाही. दक्षानं त्यांना समजावलं, ते काही त्यांना पटलं नाही. उत्तरपत्रिकेत मराठी ओळी आल्या की ती आता त्या दोनदा वाचते.

२०१९ च्या हिवाळ्यात हिराबाईला ताप येऊन आठ दिवस उतरेना म्हणून दक्षा तिला डहाणूला घेऊन गेली. दवाखान्याच्या लॅबमध्ये पांढरा कोट घातलेली एक मुलगी रक्त घ्यायला आली. ती कविता होती, डिप्लोमाचं प्रात्यक्षिक करायला तिथं लागलेली. तिनं हिराबाईचा दंड बांधला, शीर चाचपली आणि पहिल्याच टोचणीत रक्त काढलं. मॅडमशी ती कामापुरतंच बोलली, बाहेर माणसं थांबली होती. रिपोर्ट चारला मिळेल, म्हणाली, तोवर आजींना काही तरी खायला द्या. दक्षा आईला घेऊन समोरच्या हॉटेलात जाऊन बसली आणि दोघींसाठी चहा आणि पाव मागवला.